मे महिन्यातल्या नवरीचा बेस

उन्हाळ्यात मेकअप करायचा तर पावडरच लावावी, क्रीमच्या वाटेला जाऊ नये, हे मी शिकत होते तेव्हापासून ऐकत आले आहे. आजही नवरीची आई मला फोनवर हेच सांगते. कोकण किनाऱ्यावर एप्रिल-मेच्या लग्नांचं काम करता करता माझं मत मात्र बरंच वेगळं झालं. पावडर, क्रीम आणि लिक्विड यांतलं कोणतंच उन्हाळ्याचं नाही आणि कोणतंच हिवाळ्याचं नाही. घाम चेहऱ्यावर आल्यानंतर त्याचं पुढे काय होतं, त्यावर सगळं ठरतं. तो वाळतो, की तिथेच उभा राहतो?

आमच्याकडे मे महिन्यात पारा तेहेतीस-चौतीसच्या आसपास असतो. विदर्भातल्या माणसाला हा उन्हाळाच वाटत नाही. पण हवेत पाणी इतकं असतं की त्वचेवर आलेला घाम उडायला जागाच मिळत नाही. तो वरच्या ओठावर, कपाळावर, नाकाच्या बाजूला थेंब होऊन राहतो. घाम उडाला तर अंग गार होतं. उडाला नाही तर शरीर आणखी घाम सोडत राहतं. म्हणून चौतीस अंशांतली गुहागरची नवरी चव्वेचाळीस अंशांतल्या अकोल्याच्या नवरीपेक्षा जास्त भिजलेली दिसते. मेकअप करणारीला आधी हे कळलं पाहिजे, मग डबा उघडायचा.

आणखी एक गोष्ट आहे. चेहऱ्यावर दोन प्रकारची ओल असते. घाम म्हणजे जवळजवळ पाणीच, थोडं खारट. दुसरी ओल त्वचेच्या तेलाची, ती नाक, कपाळाचा मधला भाग आणि हनुवटीवर जास्त. दोन्ही एकाच वेळी दिसतात, म्हणून लोक दोन्हींना घामच म्हणतात. पण बेसवर त्यांचा परिणाम वेगवेगळा होतो. पाण्याने पाण्याचा बेस सुटतो, तेलाने सिलिकोनचा आणि मेणाचा बेस सुटतो. नवरीचा चेहरा दुपारी बिघडला असेल तर तो कशाने बिघडला हे ओळखता आलं पाहिजे. ओघळ दिसत असतील, रंग रेषांनी खाली आला असेल, तर ते काम घामाचं. रंग जागेवर आहे पण छिद्रांभोवती ठिपक्या-ठिपक्यांनी तुटलाय आणि एकूण चेहरा सकाळपेक्षा काळपट दिसतोय, तर ते तेलाचं. रंगद्रव्य तेलात भिजलं की गडद दिसतं. बायका म्हणतात ‘बेस काळा पडला’, ते बहुतेक वेळा हेच असतं.

आता प्रकारांकडे येऊ. लिक्विड म्हणून जे काचेच्या बाटलीत मिळतं त्यात दोन वेगळ्या जाती असतात आणि बाटलीकडे बघून त्या कळत नाहीत. एकात रंग पाण्यात मिसळलेला असतो. दुसऱ्यात तो अशा सिलिकोनमध्ये असतो, जे लावल्यावर काही मिनिटांत उडून जातं आणि मागे रंगाचा पातळ, पाण्याला दाद न देणारा पापुद्रा ठेवतं. डब्यावरची घटकांची यादी वाचायला जमत असेल तर ‘मेथिकोन’ किंवा ‘सिलोक्सेन’ने संपणारी नावं सुरुवातीच्या दोन-तीन शब्दांतच आहेत का ते बघायचं. पण मी यादीवर पूर्ण विसंबत नाही. वाटीत पाणी घेते, फाउंडेशनचा थेंब टाकते आणि बोटाने ढवळते. पाणी दुधासारखं झालं तर ते पाण्याचं. थेंब गोळ्यांनी तरंगत राहिला, बोटाला चिकटला, तर ते सिलिकोनचं. किनाऱ्यावरच्या मे महिन्यासाठी मी ही दुसरी जात निवडते.

प्रायमर आणि बेस यांची जातही जुळावी लागते. सिलिकोनच्या प्रायमरवर पाण्याचा बेस चोळला की दोन मिनिटांत त्याच्या बारीक वळ्या सुटायला लागतात, मळ निघाल्यासारख्या. मग त्या नवरीची त्वचा कोरडी आहे असं समजून तिला आणखी क्रीम फासलं जातं आणि सगळंच घसरतं.

क्रीम म्हणजे मेण, तेल आणि भरपूर रंग. स्टिकमध्ये मिळतं, डबीत मिळतं. एका थरात सगळ्यात जास्त झाकतं ते हेच. डोळ्यांखालचं काळं, ओठांच्या कोपऱ्यातला वांग, हळदीच्या दिवशी आलेला फोड, यांवर लिक्विडचे तीन थर देण्यापेक्षा क्रीमचा एक ठिपका बरा. पण नुसतं क्रीम उष्णतेने मऊ राहतं. त्यातलं मेण स्वतः साठ-सत्तर अंशांना वितळणारं असलं तरी तेलात मिसळल्यावर ते अंगाच्या उबेनेच सरकण्याइतकं नरम होतं. हसल्यावर गालाच्या रेषेत जे गोळा होतं ते असं न बसवलेलं क्रीम.

पावडर तेल शोषते, थोडं पाणीही शोषते, आणि मग तिचं पोट भरतं. भरल्यावर ती पावडर राहत नाही, तिचा लगदा होतो. कोरड्या हवेत हे पोट भरायला वेळ लागतो. आमच्याकडे तासाभरात भरतं. म्हणून पूर्ण चेहऱ्यावर पावडरचा जाड थर देणं कोकणात सगळ्यात लवकर फसतं. सिनेमा-नाटकातल्या पॅनकेकचं उदाहरण लोक हमखास देतात. मॅक्स फॅक्टरचा पॅन-केक १९३० च्या दशकाच्या अखेरीला रंगीत चित्रपटांसाठी निघाला आणि पुढे आपल्या रंगभूमीवरही तो शब्द रूढ झाला. पण नटाला विंगेत येऊन टचअप करता येतो आणि प्रेक्षक लांब असतो. नवरीला लोक हातभर अंतरावरून बघतात, ती पाटावर बसली की दीड-दोन तास उठत नाही, आणि ओल्या स्पंजाने चढलेला रंग घामाच्या ओलीने हलतोही.

क्रीमवर पावडर दाबून बसवली की मात्र दोन्हींचा स्वभाव बदलतो. पावडर क्रीममधलं सुटं तेल धरून ठेवते आणि क्रीम पावडरला त्वचेशी बांधून ठेवतं. हे काही परदेशी तंत्र नाही. आपल्या आज्ज्या पिंजर लावायच्या ती अशीच, आधी कपाळावर बोटाने मेणाचा गोल टिळा आणि त्यावर कोरडं कुंकू. करंड्यात मेणाची वेगळी डबी असायची. मी पुढे ज्या लग्नाबद्दल सांगणार आहे, त्या नवरीच्या आज्जीने अजून ती सवय ठेवली होती. चुलीपाशी, मांडवात, पाहुण्यांत दिवसभर वावरूनही संध्याकाळी त्यांचं कुंकू कडेलासुद्धा फिसकटलेलं नव्हतं. मेण पातळ, एका जागी, आणि त्यावर दाबलेली कोरडी भुकटी, एवढंच त्याचं रहस्य. मेण सगळ्या कपाळाला फासलं असतं तर तेही ओघळलं असतं.

ते लग्न गुहागरकडच्या एका वाडीत होतं. अंगणात मांडव, वर झावळ्या आणि कापड, मुहूर्त ११.४० चा. मी सकाळी साडेसहाला पोचले. नवरीची त्वचा मिश्र होती. नाक-कपाळ तेलकट, गाल मात्र आदल्या दिवशीच्या हळदीने आणि बेसनाने चोळून कोरडे पडलेले. हळदीचा पिवळेपणा जबड्यापाशी आणि कानामागे राहिला होता. तो तसाच ठेवून बेसची छटा जुळवायला घेतली तर चेहरा एक रंग आणि हात दुसरा, असं होतं. म्हणून आधी खोबरेल तेलाचा हात फिरवून, मऊ कापडाने टिपून, साध्या फेसवॉशने दोनदा धुवून घेतलं. हळद पूर्ण जात नाही, पण फिकी होते. छटा मी जबड्यावर नाही, गळ्याच्या खाली हाराच्या जागी जुळवली, कारण ती जागा हळदीतून सुटलेली होती.

खोलीत पंखा होता आणि तोही वीज असेल तर. अशा खोलीत सगळ्यात पहिलं काम असतं घाम थांबवण्याचं, कारण ओल्या त्वचेवर काहीच धरत नाही, अगदी महागातलं महाग फाउंडेशनही नाही. धुतलेल्या पंच्यात बर्फ गुंडाळून तिच्या मानेच्या मागे आणि मनगटांवर धरायला लावला, चेहऱ्यावर मिनिटभर फिरवला. बर्फ नुसता त्वचेवर घासायचा नाही, त्याने लाल चट्टे येतात. मग टिपून दहा मिनिटं पंख्याखाली बसवलं. या दहा मिनिटांत मी साडीच्या निऱ्या बघते, दागिने मांडते, पण चेहऱ्याला हात लावत नाही. घरचे अस्वस्थ होतात. “अजून सुरुवातच नाही?” असं तिच्या मावशीने दोनदा विचारलं. सुरुवात झालेली असते, ती दिसत नाही इतकंच.

यानंतर गालांना हलकं जेल मॉइश्चरायझर, नाक-कपाळाला जवळजवळ काहीच नाही. पुन्हा पाच मिनिटं थांबून टिश्यू दाबला आणि त्यावर जे निघालं ते जाऊ दिलं. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते इथेच, पातळ, आणि त्यानंतर पंधरा मिनिटांचा अवकाश. सनस्क्रीन ओलं असताना बेस चढवला की तो दिवसभर त्याच्यावर तरंगत राहतो. सिलिकोनचं प्रायमर फक्त नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि भुवयांच्या मध्ये, मुगाच्या दाण्याएवढं, बोटाने दाबून.

बेससाठी पंपाचा एकच दाब पॅलेटवर घेतला. पूर्ण चेहऱ्याला एवढं पुरतं का, असं शिकायला आलेल्या मुली नेहमी विचारतात. पुरतं, आणि पुरलं पाहिजे. घाम आतून येतो, वरून नाही. वॉटरप्रूफ लिहिलेला डबा बाहेरच्या पाण्यासाठी असतो. आतून येणाऱ्या घामाला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो थराच्या खाली साचून थरालाच उचलतो, आणि थर जितका जाड तितका मोठा पापुद्रा सुटतो. पातळ थरातून घाम थेंबाथेंबाने वर येतो आणि रंग जागेवर राहतो. म्हणून भिजवून घट्ट पिळलेल्या स्पंजाने गालाच्या मध्यापासून बाहेर थोपटत गेले. केसांच्या रेषेला, कपाळाच्या वरच्या भागाला आणि वरच्या ओठाला नवीन काही घेतलं नाही, स्पंजात उरलेलंच पोचवलं. घाम सगळ्यात आधी याच तीन जागी येतो आणि तिथे बेस कमीत कमी असणंच चांगलं. मग पुन्हा थांबले. सिलिकोन उडून जाईपर्यंत बोट लावलं की त्या जागी कायमचा डाग राहतो. हाताच्या पाठीने हलकेच स्पर्श करून बघायचं. चिकट लागलं नाही म्हणजे बसलं.

क्रीम मी पूर्ण चेहऱ्यासाठी वापरलंच नाही. डोळ्यांखालच्या काळ्या जागेसाठी आणि ओठांच्या कोपऱ्यांसाठी पॅलेटवर काडीने थोडं काढलं, हाताच्या पाठीवर घासून ऊब दिली आणि अनामिकेने टेकवत टेकवत बसवलं. गालांचा रंगही आधी क्रीमचा, अगदी पुसट. त्यावर नंतर त्याच रंगाची पावडर. वरची पावडर घामाने गेली तरी खालचा रंग राहतो, चेहरा एकदम फिका पडत नाही. क्रम मात्र उलटा करायचा नाही. पावडरवर क्रीम चढवलं की ते चट्टे चट्टे होऊन बसतं आणि मग काही केल्या सपाट होत नाही.

पावडर कुठे लावायची, हे मी तेलाबरोबरच घासण्यावरूनही ठरवते आणि महाराष्ट्रातल्या नवरीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. नथ डाव्या नाकपुडीतून वरच्या ओठावर आणि गालावर लोंबते, बोलताना-हसताना मोती सारखे घासत राहतात. मुंडावळ्यांच्या सरी कपाळावर आणि कानशिलांवर घासतात. तिथला बेस ओला किंवा चिकट असेल तर तासाभरात मोत्यांचे ठसे उमटतात. तेव्हा नथीची जागा, मुंडावळीची रेष, नाक, कपाळाचा मध्य, हनुवटी आणि डोळ्यांखालचं क्रीम, एवढ्याच जागी पावडर. गालांचा बाकीचा भाग मोकळा. मखमली पफवर पावडर घेऊन ती पफमध्येच चोळून जिरवायची, जास्तीची हातावर झटकायची आणि मग पफ दाबून किंचित फिरवायचा. ब्रशने भुरभुरलेली पावडर वर बसते, पफने दाबलेली आत बसते. फोटोचा विचारही इथेच करावा लागतो. पांढरी बारीक सिलिका असलेली पावडर डोळ्यांना दिसत नाही, पण फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरे अर्धचंद्र उमटतात. गव्हाळ किंवा सावळ्या नवरीला मी पिवळसर छटेची पावडर घेते आणि पावडर लावल्यावर मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढून बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

शेवटी फिक्सर, हातभर अंतरावरून, चेहरा भिजणार नाही इतकाच, आणि तो पंख्याखाली वाळेपर्यंत गप्प बसायचं. वाळण्याआधी नवरी हसली की हसण्याच्या रेषा छापल्या जातात.

साडेनऊला ती तयार होती. अंतरपाट दूर झाला तोवर सगळं ठीक होतं. खरी परीक्षा होमाशी. अग्नी एका बाजूला, वारा नाही, धूर डोळ्यांत, आणि शालू अंगावर. पाऊण वाजता लाजाहोम झाल्यावर गुरुजींनी जरा उसंत दिली तेव्हा मी तिच्यापाशी गेले. वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे होते, स्वच्छ, रंग न घेतलेले. थेंब स्वच्छ असेल तर बेस शाबूत आहे असं समजायचं. थेंब दुधाळ किंवा तपकिरी असेल तर बेस सुटायला लागला. नाकाच्या उजव्या बाजूला, अग्नीकडच्या, छिद्रांभोवती ठिपके दिसू लागले होते. म्हणजे तिथे तेलाने काम केलं होतं.

इतक्यात तिची काकू पर्समधला कॉम्पॅक्ट उघडून पुढे आली. प्रेमानेच. “काकू, आधी टिपून घेते, मग लावू,” म्हणून मी त्यांचा हात हळूच थांबवला. घामावर पावडर पडली की तिथे कणकेसारखा लगदा होतो, आणि तो काढायचा तर खालचा बेसही उचलावा लागतो. लग्नात दुपारनंतर दिसणारे बहुतेक बिघडलेले चेहरे घामाने बिघडलेले नसतात, घामावर लावलेल्या पावडरीने बिघडलेले असतात.

टिश्यूचा एकच पदर सुटा करून तो ओठावर ठेवला, वरून बोटाने दाबला आणि सरळ उचलला. पुसायचं नाही, ओढायचं नाही. ओठावर त्यानंतर काहीच लावलं नाही, कारण काही बिघडलंच नव्हतं. नाकाला तेल टिपायचा कागद दोनदा दाबला. तुटलेला रंग सकाळच्या स्पंजाच्या कोऱ्या टोकाने थोपटून सारखा केला आणि मग अगदी थोडी पावडर, पफच्या घडीच्या टोकाने. दोन मिनिटांचं काम. नवरीने विचारलं, “ताई, अजून थोडा बेस लावायचा का?” नाही लावला. दुपारी बेस वाढवला की सकाळचा आणि दुपारचा थर एकमेकांना धरत नाहीत आणि दोन्ही मिळून सुटतात.

डोळे आणि ओठ यांचं गणित थोडं निराळं आहे. काजळाच्या पेन्सिलीत मेण-तेल असतं, ते घामापेक्षा पापणीच्या तेलाने जास्त पसरतं. धुराने डोळे चोळले गेले तर विचारायलाच नको. म्हणून खालच्या पापणीच्या बाहेर मी काजळ जाऊ देत नाही आणि वरच्या रेषेसाठी वाळून पापुद्रा होणारा लिक्विड लायनर घेते, त्यावर त्याच काळ्या रंगाची पावडर आयशॅडो दाबते. ओठांना मॅट लिक्विड लिपस्टिक घामात उत्तम टिकते, पण तिचा वैरी जेवणात असतो. वरणभातावरचं तूप, मोदक, जिलेबी यांनी ती आतल्या कडेपासून सुटते. जेवणाआधी ओठ टिपून ठेवायचे, जेवणानंतर तूप पूर्ण पुसायचं आणि मगच आतल्या भागाला पुन्हा रंग द्यायचा. एअरब्रशबद्दल नवऱ्या फार विचारतात. तेही लिक्विडच आहे, फवारून बसवलेलं. थर पातळ बसतो म्हणून घामात चांगलं राहतं, हे खरं. पण होमासमोर तुटलं तर बोटाने दुरुस्त करणं अवघड जातं. वाडीतल्या लग्नात मला हाताने दुरुस्त करता येईल असाच बेस हवा असतो.

याच घरातली धाकटी मुलगी पुढे अकोल्याच्या मुलाशी लग्न करून गेली, लग्न तिकडेच झालं आणि तेही मे महिन्यात. तिथे मी डबाच वेगळा भरला. तिथल्या दुपारी घाम येतो पण दिसत नाही. येताच उडून जातो आणि मागे मीठ ठेवतो. त्वचा ओढल्यासारखी होते, गालांवर बारीक भेगांची जाळी दिसते. ओघळ नाहीत म्हणून पावडर चढवत गेलं तर संध्याकाळपर्यंत चेहरा वाळलेल्या चिखलासारखा तडकतो. तिथे मॉइश्चरायझर भरपूर आणि दोनदा, बेसमध्ये क्रीमचा वाटा जास्त, आणि पावडर फक्त नाकाला व नथीच्या जागी. गालांवर तर क्रीमचाच रंग ठेवला, त्यावर पावडर दिलीच नाही. दुपारचा टचअपही उलटा होता. टिपायचं काम फारसं नव्हतं. पाण्याचा बारीक फवारा मारून, ओलसर स्पंज दाबून भेगा मिटवायच्या होत्या.

अकोल्यात एक अडचण अशी आली जी कोकणात येत नाही. मेकअपच्या खोलीत पाण्याचा मोठा कूलर चालू होता. त्याच्या ओल्या वाऱ्यात नवरीची त्वचा अगदी आमच्या गुहागरसारखी दमट वाटत होती, आणि त्या अंदाजाने बेस केला असता तर मांडवात गेल्यावर अर्ध्या तासात तो कोरडा पडला असता. बेस सुरू करण्यापूर्वी तिला दहा मिनिटं कूलर नसलेल्या खोलीत बसवलं, गालाला हाताची पाठ लावून बघितली आणि मग क्रीम किती लागेल ते ठरवलं.

सामान नेण्याचीही काळजी आहे. उन्हात उभ्या गाडीत क्रीमची डबी तासभर राहिली तर तेल वर येतं, गार झाल्यावर ते पूर्वीसारखं एकजीव होत नाही. लिपस्टिकच्या टोकावर बारीक तेलाचे थेंब दिसले तर तिला घाम फुटला असं आम्ही म्हणतो. ती स्वच्छ टिपून चालते, पण ज्या क्रीममध्ये तेल वेगळं दिसतंय ते नवरीच्या चेहऱ्याला लावू नये. ते कुठे रंग सोडेल आणि कुठे तेल, याचा भरवसा नसतो. क्रीमचं सामान मी थर्माकोलच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळलेल्या बर्फाच्या पाकिटाशेजारी ठेवते. थेट बर्फाला लावून ठेवलं तर बाहेर काढताच डबीच्या आत दव धरतं आणि पाणी क्रीममध्ये उतरतं. पफ आणि स्पंज प्रत्येक नवरीचे वेगळे, क्रीम काडीनेच काढायचं. घामाने भिजलेला ब्रश परत डबीत गेला की ती डबी पुढच्या नवरीसाठी गेली.

काही उपाय मी मुद्दाम करत नाही. काखेत लावायचा घाम रोखणारा रोल-ऑन कपाळावर लावणाऱ्या आहेत, पित्तावरचं मिल्क ऑफ मॅग्नेशिया प्रायमर म्हणून चोळणाऱ्याही आहेत. दुसऱ्याने चेहरा खरोखर काही तास कोरडा राहतो. पण त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते आणि हे औषध अल्कधर्मी. हळदीने, बेसनाने आधीच घासलेल्या गालावर ते आग करतं. लग्नाच्या सकाळी ते पहिल्यांदाच लावून बघायला मी कोणालाही सांगणार नाही.

गुहागरच्या त्या नवरीचं संध्याकाळी सातला स्वागतही होतं. चारला ती आत आली तेव्हा तिच्या वहिनीचं म्हणणं होतं की आहे त्यावरच रंग वाढवून द्या, वेळ वाचेल. मी सगळं उतरवलं. सिलिकोनचा पापुद्रा साबणाने जात नाही, नुसतं घासलं तर त्वचा लाल होते आणि रंग तसाच राहतो. आधी कोरड्या चेहऱ्यावर खोबरेल तेल, मिनिटभर हलक्या हाताने, डोळ्यांवर तेलाचा बोळा टेकवून ठेवलेला. मग ओल्या कापडाने टिपून फेसवॉश. त्यानंतर तिला तासभर तसंच राहू दिलं, सरबत पाजलं, पंख्याखाली आडवं केलं. सहाला पुन्हा बर्फाचा पंचा घेतला आणि तीच सकाळची वाट धरली. फरक इतकाच की आता होम नव्हता, पण स्टेजवरचे दिवे होते आणि नथ उतरली होती. म्हणून वरच्या ओठाची पावडर गाळली आणि क्रीमचा वाटा थोडा वाढवला.